‘उद्या काय आणायचंय?’ : पालकांच्या ग्रुपमधून तारखा, पैसे आणि कामं वेगळी काढताना

शाळेच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप गोंधळलाय हे ओळखायला मेसेज मोजावे लागत नाहीत. एकच प्रश्न किती वेळा विचारला जातोय ते पाहिलं की पुरतं. ‘उद्या काय आणायचंय?’ असं सकाळी कोणीतरी विचारतं, दुपारी दुसरं कोणी, रात्री तिसरं. उत्तर ग्रुपमध्ये आधीच पडलेलं असतं. फक्त ते ‘थँक्यू मॅम’, जोडलेले हात, वाढदिवसाचे केक आणि दोन पालकांमधला रिक्षाचा संवाद यांच्याखाली दबलेलं असतं.

यावर बहुतेक ग्रुपमध्ये एक उपाय आपोआप उगवतो. एखादी उत्साही आई किंवा एखादे नेटके बाबा सगळं वाचून एक मेसेज टाकतात, त्यात तारखा, पैसे आणि कामं असतात. तो मेसेज चांगला असला तर चाळीस घरांचा वेळ वाचतो. चुकला, तर चाळीस घरं एकाच वेळी चुकतात, कारण त्यानंतर मूळ मेसेज कोणी वाचत नाही. म्हणून असा गोषवारा कसा काढावा हे नीट समजून घ्यायला हवं. यात शब्द कमी करण्याचं काम थोडंसंच आहे. खरं काम आहे ते प्रत्येक बाबीत शेवटचा आणि अधिकृत शब्द कोणता हे शोधण्याचं.

ते एका नमुन्यावरून पाहू. इयत्ता चौथी, तुकडी ब, ठाण्याकडची एक शाळा, डिसेंबर २०२५चा पहिला आठवडा. स्नेहसंमेलन आणि सहल एकत्र आलेली. पुढचा संवाद रचलेला आहे आणि नावंही, पण कोणत्याही पालकाला तो ओळखीचा वाटेल. शेकडो मेसेजमधून कामाचे तेवढे इथे घेतले आहेत.

मंगळवार २ डिसेंबर, संध्याकाळी ६.४० – वर्गशिक्षिका: (सूचनेच्या कागदाचा फोटो) सर्व पालकांनी सूचना वाचावी.

मंगळवार, रात्री ९.५० – कबीरचे बाबा: कोळीनृत्याचा ड्रेस भाड्याने मिळतोय. भाडं ३५०, डिपॉझिट २००. सगळ्यांनी ५५० मला पाठवा.

बुधवार ३ डिसेंबर, दुपारी १.१५ – वर्गशिक्षिका: सहलीचे शुल्क १२ ऐवजी १० तारखेपर्यंत भरावे. बस ठरवायची आहे.

बुधवार, संध्याकाळी ५.०५ – रुद्रची आई: मुलग्यांचे पण ५५० का?

बुधवार, ५.२० – कबीरचे बाबा: नाही, मुलग्यांचं भाडं ३००. ज्या मुलींकडे घरचं लुगडं आहे त्यांनी फक्त दागिन्यांचे १२० द्या. पैसे पुढच्या शुक्रवारपर्यंत.

गुरुवार ४ डिसेंबर, सकाळी ११.०० – रियाची आई: टीचरना भेट द्यायची का? प्रत्येकी १००? (खाली नऊ अंगठे)

गुरुवार, ११.४० – ओवीची आई: शाळा भेटी घेत नाही असं गेल्या वर्षी सांगितलं होतं ना?

गुरुवार, दुपारी २.३० – ओवीची आई: संमतीपत्राच्या प्रिंट मी काढून आणते. कोणाकोणाला हव्यात? (खाली चार वेळा ‘मला’)

गुरुवार, रात्री ९.०० – वर्गशिक्षिका: १७ तारखेची रंगीत तालीम दुपारी ३ वाजता. (मेसेजवर ‘संपादित’ अशी खूण)

शुक्रवार ५ डिसेंबर, रात्री १२.२० – वेदांतची आई: उद्या मापं द्यायचीत ना?

शुक्रवार, सकाळी ८.१० – कबीरचे बाबा: हो, उद्या. उंची पण लिहा. दुकानदार ड्रेस १८ला देणार आहे.

शुक्रवार, दुपारी १२.०० – वर्गशिक्षिका: संमेलनाच्या दिवशी केशभूषेसाठी दोन माता हव्यात.

शुक्रवार, १२.०५ – रियाची आई: मी येते.

शुक्रवार, १२.३० – वेदांतची आई: बघते.

आता शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी गोषवारा काढायला बसलं आहे, असं समजू.

पहिली चूक इथेच होते. माणूस वरून खाली वाचायला लागतो आणि मंगळवारचा पहिला मेसेज हातात काही न लागता ओलांडून जातो. ‘सर्व पालकांनी सूचना वाचावी’ या चार शब्दांत एकही तारीख नाही. सगळा मजकूर फोटोत आहे. ग्रुपची चॅट फाइल म्हणून बाहेर काढली आणि सोबत फोटो घेतले नाहीत, तर त्या जागी `<Media omitted>` एवढंच उरतं. शाळेकडून येणारी बहुतेक महत्त्वाची माहिती फोटो, पीडीएफ किंवा आवाजी मेसेज यांत असते, आणि गप्पा मात्र शब्दांत असतात. नुसते शब्द वाचले तर गप्पांचा गोषवारा तयार होतो आणि सूचना निसटते.

म्हणून सुरुवात ग्रुपच्या माहितीच्या पानावरून करावी. तिथे ग्रुपमध्ये आलेले फोटो, कागदपत्रं आणि लिंका एकत्र दिसतात. शाळेचे कागद तिथून शोधून आधी वाचावेत, आवाजी मेसेज ऐकावेत आणि त्यातलं कामाचं कागदावर उतरवावं. आपल्या नमुन्यातल्या सूचनेत समजा असं लिहिलं आहे: स्नेहसंमेलन शुक्रवार १९ डिसेंबर, रंगीत तालीम बुधवार १७ डिसेंबर, सहल बुधवार ७ जानेवारी, सहलीचं शुल्क ६५० रुपये, १२ डिसेंबरपर्यंत शाळेच्या कार्यालयात भरावं आणि पालकांचं संमतीपत्र शुल्कासोबत जमा करावं. हा झाला पाया. यापुढचा प्रत्येक मेसेज या पायात भर घालतो किंवा काहीतरी बदलतो.

शोधाची सोय वापरणाऱ्यांना मराठी ग्रुपमध्ये आणखी एक अडचण येते. एकच गोष्ट तिथे तीन-चार तऱ्हांनी लिहिली जाते. कोणी ‘फी’, कोणी ‘शुल्क’, कोणी `fees`, तर कोणी `paise` लिहितं. तारीख कोणी ‘१२’ अशी देवनागरी आकड्यात टाकतं, कोणी `12` अशी. एक रूप शोधलं की दुसरं सापडेलच असं नाही. त्यामुळे शोधून काही मिळालं नाही, म्हणजे ते ग्रुपमध्ये नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. आठवड्याचा गोषवारा असेल तर सरळ बोटाने सरकवत सगळं वाचणं जास्त भरवशाचं.

शेवटचा शब्द कोणाचा?

पायानंतर येतात ते बदल. सहलीच्या शुल्काची मुदत १२ होती, ती बुधवारी १० झाली. मुदत पुढे गेली तर फारसं बिघडत नाही. जुनी तारीख धरून बसलेला पालक लवकर पैसे भरतो, इतकंच. मुदत अलीकडे आली की मात्र जुनी तारीख धरणाऱ्याचं मूल सहलीतून राहू शकतं. असे बदल गोषवाऱ्यात नुसते नव्या तारखेने लिहून भागत नाही. ‘१२ नव्हे, १०’ असं जुनं आणि नवं दोन्ही लिहावं लागतं, कारण फोटोतला जुना आकडा अनेकांच्या डोक्यात किंवा फ्रिजवर चिकटवलेला असतो.

शाळा तारीख अलीकडे का आणते, याचंही कारण साधं असतं. बस किती लागतील हे मुलांच्या आकड्यावर ठरतं. महाराष्ट्रात बऱ्याच शाळा सहलीला एसटी घेतात, कारण शालेय सहलीला भाड्यात पन्नास टक्के सवलत मिळते, आणि त्यासाठी आगाऊ मागणी नोंदवावी लागते. म्हणून ही तारीख ताणता येईल असं पालकांनी धरू नये.

या बदलामागे आणखी एक बदल दडला आहे. तो कोणी लिहिलेला नाही. संमतीपत्र ‘शुल्कासोबत’ द्यायचं होतं. शुल्क १० तारखेला आलं, म्हणजे संमतीपत्रही १० तारखेला. ओवीची आई प्रिंट आणणार आहे, पण कधी ते तिने सांगितलेलं नाही. ती ११ला आली तर उपयोग नाही. गोषवारा काढणाऱ्याने इथे थांबून तिला विचारायला हवं.

रंगीत तालमीच्या मेसेजवर ‘संपादित’ अशी खूण आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो. ही सोय २०२३ साली आली. बदल झाला तरी फोनवर नवी सूचना वाजत नाही. समजा बाईंनी आधी २ लिहिलं आणि चार मिनिटांनी ३ केलं. ज्यांनी पहिल्या मिनिटाला वाचलं, त्यांच्या लेखी तालीम २ वाजताच आहे, आणि ते पुन्हा तो मेसेज उघडणार नाहीत. त्यामुळे अशी खूण असलेल्या सूचनेतला आकडा गोषवाऱ्यात ठळक यायला हवा. काही सूचना पुसूनही टाकलेल्या असतात आणि त्या जागी मेसेज हटवल्याची ओळ तेवढी दिसते. तिथे काय होतं याचा अंदाज करू नये. पाठवणाऱ्यालाच विचारावं.

मग येतो वजनाचा प्रश्न. वर्गशिक्षिकेचा मेसेज, पालक प्रतिनिधीचा मेसेज आणि ‘मला वाटतं’ने सुरू होणारा मेसेज यांना एका रांगेत बसवता येत नाही. शाळेचं वेळापत्रक आणि शुल्क यांत शाळेचाच शब्द शेवटचा. ड्रेस, भाडं, रिक्षा, खाऊ अशा पालकांनी आपापसात ठरवलेल्या गोष्टींत, ज्याने जबाबदारी घेतली आहे त्याचा शेवटचा शब्द धरायचा. नऊ अंगठे म्हणजे ठराव नव्हे. भेटवस्तूच्या मेसेजखाली नऊ जणांनी अंगठा दाखवला, पण बाकीचे तीस गप्प आहेत आणि एका आईने शाळेच्या धोरणाची आठवण दिली आहे. या शंभर रुपयांना ‘द्यायचे पैसे’ या यादीत जागा नाही. ती बाब ‘ठरायचं आहे’ या यादीत जाते. ठरवायचंच असेल तर ग्रुपमध्ये मतदानाची सोय आहे, आणि त्याआधी शाळेला विचारता येतं.

‘उद्या’ म्हणजे कधी?

ग्रुपमधला सर्वात फसवा शब्द ‘उद्या’. वेदांतच्या आईने शुक्रवारी रात्री १२.२०ला विचारलं, ‘उद्या मापं द्यायचीत ना?’ ती अजून झोपलेली नाही. तिच्या मनात गुरुवारच चालू आहे आणि ‘उद्या’ म्हणजे शुक्रवार. फोनच्या हिशेबाने मात्र शुक्रवार सुरू झालेला आहे. सकाळी ८.१०ला उत्तर येतं, ‘हो, उद्या.’ उत्तर देणारा शुक्रवारी बोलतोय, म्हणजे त्याचा उद्या शनिवार. प्रश्न एका दिवसाचा आणि उत्तर दुसऱ्या दिवसाचं, तरी दोघांनाही एकमत झाल्यासारखं वाटतं.

‘पुढचा शुक्रवार’ हे त्याचंच भावंड. बुधवारी बोलताना काहींचा पुढचा शुक्रवार म्हणजे परवाचा ५ तारखेचा आणि काहींचा त्यानंतरचा, १२ तारखेचा. त्यामुळे एक नियम पाळावा: गोषवाऱ्यात उद्या, परवा, पुढचा, येता हे शब्द येऊ द्यायचे नाहीत. प्रत्येक तारखेसोबत वार लिहायचा आणि प्रत्येक वारासोबत तारीख. याचा दुसरा फायदा असा की चूक आपोआप उघडी पडते. कोणी ‘शनिवार १९ डिसेंबर’ असं लिहिलं, तर कॅलेंडर उघडताच कळतं की १९ला शुक्रवार आहे आणि दोहोंपैकी एक चुकलं आहे. नुसती ‘१९’ किंवा नुसता ‘शनिवार’ लिहिला असता तर हे कोणाच्या लक्षात आलं नसतं.

आपल्या नमुन्यात कबीरच्या बाबांना एक फोन केला आणि दोन्ही गोष्टी पक्क्या झाल्या: मापं शनिवार ६ डिसेंबर, पैसे शुक्रवार १२ डिसेंबर.

आता तारखा एका खाली एक लिहिल्यावर काय दिसतं ते पाहा. बुधवार १७ला रंगीत तालीम आहे. रंगीत तालीम म्हणजे पूर्ण पेहरावात. आणि दुकानदार ड्रेस गुरुवार १८ला देणार आहे. हे दोन मेसेज ग्रुपमध्ये एका रात्रीच्या अंतराने पडले, दोन्ही शेकडो डोळ्यांखालून गेले, आणि कोणी काही बोललं नाही. कारण ते दोन्ही कोणीच शेजारी ठेवून वाचले नव्हते. गोषवाऱ्याची खरी कमाई इथे आहे. वेळ वाचतो तो वेगळाच. १६ला ड्रेस मिळेल का, दोन दिवसांचं जादा भाडं पडेल का, की तालीम साध्या कपड्यांत चालेल, हे प्रश्न ५ तारखेला विचारले तर सुटतात. १७ला दुपारी अडीच वाजता विचारले तर नाही.

पैशांची वही

पैशांच्या ओळीत रक्कम आणि तारीख पुरत नाही. रक्कम कोणासाठी, कोणाकडे, कशी द्यायची आणि परत मिळणार का, हेही हवं. ड्रेसचंच घ्या. मंगळवारी सगळ्यांना ५५० होते. बुधवारी त्याचे तीन आकडे झाले. भाड्याने ड्रेस घेणाऱ्या मुलीचे ३५० आणि डिपॉझिट २००, मिळून ५५०. मुलग्याचे ३०० आणि २००, मिळून ५००. घरचं लुगडं असलेल्या मुलीचे दागिन्यांचे १२०. ज्यांनी मंगळवारी रात्रीच उत्साहाने ५५० पाठवले, त्यात मुलग्यांचे पालक असतील तर त्यांचे पन्नास जास्त गेले आहेत.

समजा नाचात अठरा मुली भाड्याचा ड्रेस घेणार, चौघी घरचं लुगडं नेसणार आणि सोळा मुलगे आहेत. अठरा गुणिले ५५० म्हणजे ९,९००. चार गुणिले १२० म्हणजे ४८०. सोळा गुणिले ५०० म्हणजे ८,०००. एकूण १८,३८० रुपये कबीरच्या बाबांच्या खात्यात जमा व्हायला हवेत. पण त्यातले चौतीस मुलांचे प्रत्येकी २००, म्हणजे ६,८०० रुपये हे डिपॉझिट आहे आणि ड्रेस धड परत गेल्यावर ते पालकांकडे यायचे आहेत. खरा खर्च ११,५८०. हे दोन आकडे वेगळे लिहिले नाहीत की जानेवारीत हमखास कुरबुर होते. डिपॉझिट परत करण्याचं काम आणि त्याची तारीख गोषवाऱ्यात आजच लिहावी, कारण संमेलन संपल्यावर त्याचं नाव कोणी काढत नाही.

‘पाठवले’ हा मेसेज म्हणजे पावती नव्हे. व्यवहार कधी अडकतो, कधी पैसे भलत्याच नंबरावर जातात. गोळा करणाऱ्याने आपल्या बँकेच्या नोंदीवरूनच खूण करावी. तिथे दुसरी अडचण उभी राहते. यूपीआयवर पैसे पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, आणि ते नाव मुलाच्या आजोबांचं, मामांचं किंवा माहेरच्या आडनावाने खातं असलेल्या आईचं असू शकतं. ५५० रुपये आले, पण कोणाच्या मुलीचे? म्हणून पैसे मागणाऱ्या ओळीतच लिहावं: पैसे पाठवताना शेऱ्यात मुलाचं नाव टाका. वाद झालाच तर व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक दोन्ही बाजूंना दिसतो. त्यावरून मेळ घालता येतो.

पैसे भरणाऱ्यांनीही एक काळजी घ्यायची. गोषवाऱ्यात किंवा मेसेजमध्ये आलेला नंबर वा क्यूआर कोड वापरताना, पिन टाकण्याआधी पडद्यावर ज्याचं नाव येतं ते ओळखीचं आहे ना, ते पाहावं. ग्रुपमधल्या एखाद्याचा फोन चुकीच्या हातात गेला, तर ‘नंबर बदललाय, इथे पाठवा’ असा मेसेज यायला वेळ लागत नाही. असा बदल आला तर गोषवारा काढणाऱ्याने आवाज ओळखून, प्रत्यक्ष फोनवर खात्री केल्याशिवाय तो पुढे टाकू नये.

शाळेचं शुल्क आणि पालकांची आपापसातली वर्गणी या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत असाव्यात. सहलीचे ६५० शाळेच्या कार्यालयात जातात, त्याची पावती मिळते. ड्रेसचे पैसे एका पालकाकडे जातात. एकाच यादीत मिसळले की कोणीतरी सहलीचे पैसेही कबीरच्या बाबांना पाठवून मोकळं होतं.

आणि कोणाचे पैसे यायचे राहिलेत त्यांची नावं ग्रुपवर टाकू नयेत. ‘३८ पैकी २९ जणांचे आले’ एवढं पुरे. उरलेल्या नऊ जणांना एकेकटा मेसेज करावा. एखाद्या घराची खरोखरच अडचण असते, आणि त्या घरातलं मूल उद्या त्याच वर्गात बसणार असतं.

कामापुढे नाव

कामांची यादी करताना ‘येते’ आणि ‘बघते’ यांतला फरक ओळखायचा. केशभूषेसाठी दोन माता हव्यात. रियाची आई ‘मी येते’ म्हणाली, तिचं नाव पक्कं. वेदांतची आई ‘बघते’ म्हणाली. मराठीत ‘बघते’चा अर्थ बोलणाऱ्याच्या स्वरावर असतो, आणि मेसेजला स्वर नसतो. तिचं नाव यादीत घातलं तर बाईंना वाटेल दोघी मिळाल्या, आणि १९च्या सकाळी एकच कंगवा चालू असेल. तिथे ‘एक जागा रिकामी’ असं लिहावं आणि वेदांतच्या आईला सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायला सांगावं.

प्रत्येक कामापुढे एकच नाव हवं. मदतीला चार जण असू देत, विचारायचं कोणाला ते एकच असावं. ‘मुलींच्या पालकांनी बघावं’ असं लिहिलेलं काम कोणी बघत नाही. नावं लिहिल्यावर आणखी एक गोष्ट नजरेत येते. कामं त्याच तीन-चार आयांवर पडत असतात, आणि बाबालोकांची हजेरी अंगठ्यापुरती उरते. ते कागदावर दिसलं की पुढच्या खेपेला कोणाला विचारायचं हेही कळतं.

या सगळ्यातून शुक्रवारी रात्री ग्रुपवर जो गोषवारा जाईल, तो साधारण असा:

चौथी ब – शुक्रवार ५ डिसेंबर, रात्री ८ वाजेपर्यंतचा गोषवारा. याआधीचा रद्द समजावा.

तारखा
- शनिवार ६ डिसेंबर: ड्रेसची मापं आणि मुलाची उंची कबीरच्या बाबांना.
- बुधवार १० डिसेंबर (१२ नव्हे): सहलीचं शुल्क आणि संमतीपत्र, शाळेच्या कार्यालयात.
- शुक्रवार १२ डिसेंबर: ड्रेसचे पैसे.
- बुधवार १७ डिसेंबर, दुपारी ३ (२ नव्हे): रंगीत तालीम.
- शुक्रवार १९ डिसेंबर: स्नेहसंमेलन. मुलांनी किती वाजता यायचं ते शाळेकडून कळायचं आहे.
- बुधवार ७ जानेवारी: सहल.

पैसे
- शाळेला: सहल ६५०, प्रत्येक मुलामागे. पावती घ्यावी.
- कबीरच्या बाबांना: भाड्याचा ड्रेस घेणारी मुलगी ५५०, मुलगा ५००, घरचं लुगडं असलेली मुलगी १२०. यातले ड्रेसमागचे २०० डिपॉझिट, ते परत मिळेल. शेऱ्यात मुलाचं नाव लिहावं. मुलग्याचे ५५० दिले असतील तर ५० परत मागावेत.

कामं
- ड्रेस आणणं, परत करणं, डिपॉझिट वाटणं: कबीरचे बाबा.
- संमतीपत्राच्या प्रिंट चौघांसाठी, सोमवार ८ डिसेंबरला शाळा सुटताना: ओवीची आई.
- केशभूषा, १९ डिसेंबर: रियाची आई. एक जागा रिकामी.

ठरायचं आहे
- ड्रेस १८ला मिळणार, तालीम १७ला आहे. दुकानदाराला कबीरचे बाबा विचारणार. साध्या कपड्यांत चालेल का, हे बाईंना रियाची आई विचारणार.
- शिक्षकांना भेट: शाळेचा नियम विचारल्यावर ठरेल. तोवर पैसे पाठवू नयेत.

पहिल्या ओळीतली वेळ फार मोलाची आहे. रात्री सव्वाआठला बाईंचा नवा मेसेज आला, तर तो या यादीत नाही हे वाचणाऱ्याला त्या ओळीवरून कळतं. ‘याआधीचा रद्द’ हे शब्दही तितकेच गरजेचे, कारण जुना गोषवारा ग्रुपमध्ये तसाच पडून असतो आणि कोणीतरी तोच उघडतं. व्हॉट्सॲपवर एका वेळी तीन मेसेज वर पिन करून ठेवता येतात, चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवसांसाठी. ताजा गोषवारा सात दिवसांसाठी पिन करावा आणि जुन्याचा पिन काढावा. शक्य असेल तिथे फक्त ॲडमिन लिहू शकतील असा सूचनांचा वेगळा ग्रुप करून गोषवारा तिथे ठेवतात, म्हणजे तो गप्पांखाली जात नाही.

पाठवण्याआधी दोन तपासण्या पुरतात. पहिली, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ‘हे कुठल्या मेसेजवरून?’ असं स्वतःला विचारणं. मेसेज, फोटो किंवा फोन यांपैकी काही सांगता आलं नाही, तर ती ओळ अंदाजाने आली आहे, ती काढावी. दुसरी, ज्याने आठवडाभर ग्रुप उघडलेलाच नाही अशा पालकाला तो वाचायला देणं. त्याने ‘म्हणजे आमचे ५५० की ५००?’ असं विचारलं, तर ओळ पुन्हा लिहायला हवी.

असा गोषवारा घरात आला की त्याचं आणखी एक छोटं रूप होतं. रुद्रच्या घरी पाहिलं तर सहाच ओळी उरतील. शनिवारी माप आणि उंची देणं हे आईचं काम. सोमवारी शाळा सुटताना प्रिंट घ्यायला आजी जाणार, कारण आणायला तीच जाते. बुधवारी सकाळी ६५० रुपये आणि सही केलेलं संमतीपत्र दप्तरात, हे बाबांकडे. शुक्रवारी ५०० यूपीआयने, हेही बाबांकडे. १७ला दुपारी ३ला रुद्रला सोडणार कोण, ते अजून ठरलेलं नाही. आणि १९ तारखेला दोघांनी कामावरून लवकर निघायचं आहे. दोन मुलं वेगळ्या वर्गांत असतील तर दोन ग्रुपचे दोन गोषवारे एका कॅलेंडरवर उतरवावे लागतात, कारण धाकट्याची पालकसभा आणि मोठ्याची तालीम एकाच दुपारी आहे, हे कुठल्याच ग्रुपला माहीत नसतं.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. शाळेच्या फाटकापाशी तोंडी ठरलेलं ग्रुपमध्ये येत नाही, त्यामुळे गोषवाऱ्यातही येत नाही. दैनंदिनीत बाईंनी एकट्या मुलासाठी लिहिलेली सूचना तर त्या घरापुरतीच असते. शिवाय गोषवाऱ्यात मुलांच्या जाण्यायेण्याच्या वेळा आणि सहलीचा दिवस असतो. तो ग्रुपबाहेर पुढे पाठवण्याची गोष्ट नाही. एखाद्या मुलाची ॲलर्जी, औषध, घरचा पत्ता असं काही ग्रुपमध्ये आलं असेल, तर ते यादीत न घेता थेट वर्गशिक्षिकेला सांगावं.

बुधवार आणि रविवार असे दोन दिवस ठरवून घेतले आणि दर महिन्याला दोन पालकांनी मिळून, त्यांपैकी एक बाबा, हे काम वाटून घेतलं, तर ते कोणाला जड जात नाही. एकाने लिहावं, दुसऱ्याने तपासावं. आणि शाळेच्या तारखा असलेला भाग ग्रुपवर टाकण्याआधी वर्गशिक्षिकेला एकदा दाखवावा. त्यांचं ‘बरोबर आहे’ आलं की मगच तो पिन करावा.